बॅगेच्या फोटोखालची तिसरी ओळ

एप्रिलचा शेवटचा रविवार, दुष्काळाचं साल, उदगीर. हजर: मी, माझी वैनी, आमच्या गल्लीत बॅगा शिवणारे भाऊ आणि टेबलावर ओळीने सहा बॅगा.

काम ठरलेलं होतं. पुण्याच्या एका दुकानाला सहा फोटो पाठवायचे होते आणि प्रत्येक फोटोखाली तीन ओळी: कशाची आहे, कशी जपायची, किती टिकेल. दुकानाला माल पटला तर दर महिन्याला मागणी येणार होती. नाही पटला तर भाऊ हैदराबादला चपलांच्या कारखान्यात जाणार होते. लिहायचं काम माझ्याकडे, कारण घरात याद्या मीच करते.

"पत्त्यात जिल्हा कोणता लिहू?" मी विचारलं.

"उदगीर लिहा की," भाऊ म्हणाले. "नवा जिल्हा होणार म्हणून सगळेच बोलून राहिलेत."

"तोवर बॅगा कुजतील," वैनी म्हणाली. मी लातूर लिहिलं.

पहिल्या ओळीला अडचण नव्हती. बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं चामडं, मेणाचा दोरा, पितळी बक्कल, हाताची शिलाई. दुसरीही झाली: भिजल्यास सावलीत वाळवा, उन्हात ठेवू नका, वर्षातून दोनदा थोडं तेल लावा. सकाळच्या उजेडात वैनीने फोनवर सगळे फोटो काढले. चामडं गडद, भरदार दिसत होतं.

दुपारी जेवून आल्यावर मी फोटो आणि बॅगा ताडून पाहिल्या. फोटोतल्या बॅगा त्या नव्हत्याच. टेबलावरच्या पाच बॅगांवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. वाकड्या, एकाखाली एक, पोट खपाटीला गेलेल्या ढोराच्या बरगड्यांसारख्या. सहावी मात्र कोरी.

मी फडक्याने पुसल्या. रेघा गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाच बॅगा हाताला ओलसर लागल्या आणि दुपारी रेघा त्याच जागी परत आल्या.

त्या सालात आमच्याकडे ओलं असं काही उरलेलं नव्हतं. टँकरचं पाणी मागच्या खोलीत ड्रममध्ये होतं आणि खोलीला कुलूप होतं. भाऊंचं घर पत्र्याचं, भट्टीसारखं तापायचं, म्हणून त्यांनी बॅगाही आमच्या त्याच खोलीत ठेवल्या होत्या. घरात तेवढी एकच गार जागा.

"वन्सं, मी रोज ड्रमवर कोळशाने खूण करते," वैनी हळू आवाजात म्हणाली. "पाणी रोज जरासं कमी होतंय. कुलपाची चावी माझ्या कमरेला. या बॅगांतली म्हस पाणी पिऊन राहिली."

"उगं काही बोलू नका, वैनी," भाऊ म्हणाले, पण बॅग उचलायला त्यांचा हात पुढे झाला नाही.

मग मीच बोट लावून चाखलं. मीठ होतं. भाऊंनीही चाखलं आणि मग उलगडून सांगितलं. कच्चं कातडं टिकावं म्हणून मिठात ठेवतात. कमावण्याआधी ते भरपूर पाण्यात धुऊन काढावं लागतं. कमावणाऱ्याकडे यंदा पाणी कुठलं? मीठ आतच राहिलं होतं. ड्रमचं झाकण तडकलेलं, बंद खोलीतली हवा दमट. मीठ रात्रभर ओल ओढायचं आणि बाहेर सुकलं की पांढरं वर यायचं. सहावी बॅग दुष्काळाआधीच्या चामड्याची, म्हणून कोरी.

"मंग म्हस नव्हती तर," वैनी म्हणाली, "पण पाण्यावाचूनच मेली असंल ना?"

भाऊंनी होकाराची मान हलवली. यंदाची सगळी कातडी तशाच मेलेल्या जनावरांची आली होती. एका बक्कलाच्या कडेला हिरवट डाग आलेला मला तेव्हाच दिसला.

"ताई, सकाळचेच फोटो पाठवा," शेवटी भाऊ म्हणाले. "त्यात कुठं दिसतंय?"

"आणि तिसरी ओळ? मिठाने पितळ खाल्लं जाईल, चामडं तडकेल. किती वर्षं लिहू? तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्यांनी पाचही बॅगा एकेक करून दाबून पाहिल्या. "नका लिहू," म्हणाले.

सहाव्या बॅगेचा एकच फोटो गेला, तिन्ही ओळींसकट. दुकानाला ती आवडली. तशाच वीस हव्या होत्या. तसं चामडं पाऊस पडून कमावणाऱ्याची टाकी भरेपर्यंत मिळणार नव्हतं, आणि दुकान थांबलं नाही. जूनच्या आधीच भाऊ हैदराबादच्या गाडीत बसले.

पाच बॅगा माझ्या कपाटाशेजारी खुंटीला आहेत. उन्हाळ्यात त्या गप्प असतात. पावसाळी हवा सुटली की सकाळी ओलसर लागतात आणि उघडीप पडली की बरगड्या वर येतात. दर वर्षी थोड्या ठळक. एकही अजून तडकलेली नाही. भाऊंचा फोन येतो तेव्हा ते आधी पाऊसपाणी विचारतात, मग म्हणतात, "ताई, ती ओळ लिहिली का?"

पाचही फोटो फोनमध्ये आहेत. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. टिकाऊपणापुढे लिहायचं राहिलं आहे.