एका ‘इज’साठी

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणत. बावीस वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फायली नेण्यात गेली, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तिने मनावर घेतलं की आता क्लार्क व्हायचंच. खात्याच्या परीक्षेचा इंग्रजीचा पेपर म्हणजे डोंगर. पण लेकीचं जुनं व्याकरणाचं पुस्तक डब्यासोबत आणून ती जेवणाच्या सुट्टीत घोकत बसायची.

निकाल लागला. पास व्हायला पन्नास हवे होते, मिळाले एकोणपन्नास.

फळ्यावर बरोबर उत्तरांची यादी लागली होती. मावशीने एकेक उत्तर ताडून पाहिलं. ‘द न्यूज... गुड’ या रिकाम्या जागी तिने ‘इज’ लिहिलं होतं. छापील उत्तर होतं ‘आर’.

“जाऊ दे गं आई, पुढच्या वर्षी दे,” लेक म्हणाली.

“माझं चुकलं असतं तर दिली असती. ‘पोलीस’ला मी ‘इज’ लावून बसले, तिथे ‘आर’ हवं होतं. तो मार्क गेला, मान्य. हा का सोडू?”

हरकत घ्यायला तीन दिवस होते. दुसऱ्याच दिवशी शब्दकोशाच्या पानाची झेरॉक्स घेऊन ती परीक्षा विभागात हजर झाली. तिथल्या अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं.

“मावशी, शेवटी एस दिसतोय ना? म्हणजे अनेकवचन. साधी गोष्ट आहे.”

“मग साहेब, ‘पीपल’ला एस कुठाय? तरी तुम्हीच तिथे ‘आर’ छापलंय, आणि ते बरोबरच आहे. एसवर जायचं तर तेही चूक धरा.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. अधिकारी गोरामोरा झाला. त्याने झेरॉक्स वाचली, पुन्हा वाचली, मग शिक्का मारून अर्ज समितीकडे पाठवला.

समितीने ‘इज’ मान्य केलं. शिवाय ‘डेटा’च्या प्रश्नात दोन्ही रूपं चालतात म्हणून तिथेही दोन्ही उत्तरांना मार्क दिला; त्यात मावशीचं चूक धरलेलं उत्तरही आलं. मावशीचे एक्कावन्न झाले. लेकीने फोनवर आकडा दोनदा विचारून घेतला. मावशीला मात्र हुंदका आवरेना, भर जिन्यात उभी राहून रडली.

महिन्याभराने तिला खुर्ची मिळाली. पहिल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांचं एक परिपत्रक टाइप करायला आलं. ते टाइप करून ती साहेबांकडे घेऊन गेली.

“मी ‘स्टाफ इज’ लिहिलं होतं. तुम्ही ‘आर’ का केलंत?” साहेबांनी भुवया चढवल्या.

“दोन्ही चालतं साहेब. पण त्याच वाक्यात पुढे तुम्ही ‘देअर’, म्हणजे ‘त्यांचं’, लिहिलंय. सुरुवातीला एकवचन अन् शेवटी अनेकवचन, हे काही बरं दिसत नाही.”

साहेबांनी वाक्य पुन्हा वाचलं, ‘हं’ म्हणाले आणि सही केली.

मावशीने कागद उचलला आणि प्रती काढायला निघाली.