छप्पर गळतं, असं लिहायचं नाही

देवासमधलं आमचं घर नगर निगमच्या हेरिटेज यादीत आहे. म्हणजे घर आमचंच, पण छपराला हात लावायचा तर आधी हेरिटेज समितीची परवानगी हवी. मागच्या पावसाळ्यात वरच्या मोठ्या खोलीत इतकं पाणी आलं की आईचा शिवणवर्ग बंद पडला. मशिनी जिन्याखाली गेल्या, मुली घरी बसल्या. यंदाही वर्ग भरला नाही तर त्या दुसरीकडे जातील, परत यायच्या नाहीत, असं आई म्हणायची. म्हणून पावसाच्या आत परवानगी हवी होती.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला ते बरंच वाटलं, कारण लिहिताना बोलावं लागत नाही. मी तो इंग्रजीत लिहून नेला. निगमच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले की हिंदीत द्या, फाईल लवकर पुढे जाईल. हिंदीत लिहायचं म्हटल्यावर बाबा शेजारी येऊन बसले.

आमचे पूर्वज संस्थानच्या नोकरीत होते आणि बाबा अजूनही कुठल्याही कार्यालयाला दरबारात उभं राहिल्यासारखं लिहितात. मी लिहिलं होतं, ‘छत टपकती है।’ त्यांनी ते खोडलं.

"असं लिहायचं नाही. यांना घर सांभाळता येत नाही, म्हणतील."

त्या जागी आलं, ‘वर्षा ऋतु में किंचित नमी अनुभव होती है।’ सडलेले वासे ‘वृद्ध हो चली लकड़ियाँ’ झाले. पाणी धरायला ठेवलेल्या बादल्यांचे माझे फोटो त्यांनी काढून टाकले आणि बोगनवेल फुललेली असतानाचा दर्शनी भागाचा फोटो लावला.

पाहणीचा निरोप आला आणि आईने वरची खोली चुन्याने रंगवून घेतली. माणसं येणार घरी, भिंतीवर ओघळ कसे दिसू द्यायचे?

समितीवरच्या आर्किटेक्ट मॅडम आणि निगमचे इंजिनिअर आले. मॅडमनी अर्ज वाचला, मान वर करून पांढरी शुभ्र भिंत पाहिली आणि पुन्हा अर्ज पाहिला.

"किंचित नमी? यहाँ तो वो भी नहीं दिख रही."

त्यांनी शांतपणे समजावलं की सरकलेली कौलं बसवायला हरकत नाही, पण जुनं लाकूड काढून नवं घालायचं तर कारण दिसायला हवं. नाहीतर समितीपुढे काय ठेवणार? आईला ते खोलीचं कौतुकच वाटलं. तिने आणखी पोहे वाढले, वर शेव घातली. बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. अडलंय कुठे, ते त्यांना कळलं होतं.

मी दाराशी ट्रे धरून उभी होते. परक्यांसमोर मी सहसा बोलत नाही, आणि घरातलं तर नाहीच.

"मैडम, टपकती है. बहुत टपकती है. आप लोग आने वाले थे, इसलिए माँ ने पुताई करवा दी."

आईने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ती मी लहानपणी दुसऱ्यांकडे तिसरा लाडू उचलला की पाहायची.

मॅडमनी टोकदार काहीतरी मागितलं. हाताशी आईची कापड बेतायची कात्री होती, मी तीच दिली. त्या स्टुलावर चढल्या आणि वासा भिंतीत शिरतो तिथे त्यांनी टोक दाबलं. कात्री अर्धी आत गेली. भुसा इंजिनिअरसाहेबांच्या पोह्यांवर पडला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"माझी कात्री," आई मराठीत म्हणाली.

मॅडम हसल्या. त्यांनी दुसऱ्या टोकालाही कात्री लावली, तिथेही तेच. मग अर्ज नव्याने द्या म्हणाल्या: कुठले वासे, कुठे सडलेत, तेवढ्याच जाडीचं सागवान, धड असलेली कवेलू, म्हणजे कौलं, पुन्हा तीच; छपराची उंची आणि उतार तोच; पत्रे नाहीत, स्लॅब नाही. आणि बादल्यांचे फोटो जोडा.

मी तिथेच, मशीन काढून नेलेल्या शिलाईच्या टेबलावर लिहायला बसले. ‘छत टपकती है’ पहिल्याच ओळीत. बाबा मागे उभे राहून वाचत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "निदान ‘सविनय’ तरी घाल." घातलं.

समितीने परवानगी दिली, मॅडमच्या सगळ्या अटींसकट. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो द्यायचे, हीही एक अट होती. आई काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग कवेलू उतरली, कुजके वासे अंगणात रचले गेले, आणि वरच्या खोलीत लख्ख ऊन आलं. आई टेप घेऊन तिथे उभी, कुठली मशीन कुठे बसवायची ते ठरवत. गल्लीतून शेजाऱ्यांनी हाक मारली, भाभी, छत कुठे गेलं?

आई भिंतीवरून वाकली आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सड़ गई थी भिया, पूरी सड़ गई थी. बच्चियों को बोल देना, क्लास फिर शुरू हो रही है."