चुकांची शिकवणी

आमचे हे आयुष्यभर मुद्रितशोधक होते. छापायला निघालेल्या मजकुरातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. निवृत्त झाले तेव्हा पगार थांबला, चुका काढणं काही थांबलं नाही. मी किराण्याची यादी दिली की हे तिच्यातलं ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त करतात आणि साखर आणायला विसरून परत येतात. शेजारीण सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगायला आली, तर हे मधेच म्हणाले, "'डायबेटीस झाली' नाही, 'झाला'." ती बिचारी उठून गेली. तिचे सासरे इस्पितळातून घरी आल्याचं आम्हाला वाण्याकडून कळलं.

मी सोसलं. मला सवय होती. सवय नव्हती ती नातवाला.

लेक परदेशात, जावई तिकडचाच, आणि सात वर्षांचा नातू फ्रेंचमध्ये वाढलेला. लेकीने त्याला बोटभर मराठी शिकवलं होतं. रविवारी फोनच्या पडद्यावर बसून तो आजोबांना आपल्या शाळेतल्या सशाची गोष्ट सांगायला लागला. पहिल्या वाक्यात ह्यांनी त्याला इतक्यांदा थांबवलं की ससा पिंजऱ्याबाहेर येईचना. पोर खुर्चीवरून उतरलं आणि निघून गेलं. तेव्हापासून दर रविवारी लेक म्हणायची, "तो खेळतोय, बाबा." उन्हाळ्यात ती मंडळी आमच्याकडे येणार होती. महिनाभर पोर घरात असेल आणि आजोबांशी एक शब्द बोलणार नाही, ह्याची मला धास्ती होती. ह्यांनाही. फक्त ह्यांचं निदान वेगळं होतं. म्हणाले, "त्याचं मराठी कच्चं आहे. मीच फ्रेंच शिकतो."

वाचनालयाच्या फळ्यावर ह्यांनी चिठ्ठी लावली, आणि तिला उत्तर म्हणून आमच्या दाराशी एक फ्रेंचबाई उभी राहिली. इस्पितळात लोकांचे गुडघे-खांदे चालते करण्याचं तिचं काम. नवरा आपला मराठी, आणि सासूबाई कायमच्या राहायला येणार. तिला सासूबाईंशी बोलायचं होतं. हौसेने सासूशी बोलायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

व्यवहार पैशांचा नव्हता. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसायचं. अर्धा तास फ्रेंच, अर्धा तास मराठी. मधे माझं स्वयंपाकघरातलं घड्याळ, ते किणकिणलं की वाक्य अर्धं सोडून भाषा बदलायची. नियम तिनेच सांगितले. ज्याची शिकायची पाळी, त्याने जास्त बोलायचं. मधे तोडायचं नाही. चुका कागदावर टिपून ठेवायच्या आणि शेवटी त्यातल्या दोन-तीनच सांगायच्या. बारीकसारीक चूक असेल तर आपल्या उत्तरात ते बरोबर म्हणून दाखवायचं, बस्स. आणि पुढच्या वेळचा विषय आधी ठरवायचा, म्हणजे दोघांना शब्द गोळा करून येता येईल.

ह्यांनी मान डोलावली. ज्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते, त्याची ती मान बघून मला हसू आवरेना. मी भांड्यांकडे वळले.

फ्रेंचचा अर्धा तास छान जायचा. हे फ्रेंचमध्ये म्हणायचे, "मी अडुसष्ट वर्षं आहे." तिकडे माणूस अमुक वर्षांचा 'नसतो', तेवढी वर्षं त्याच्या 'जवळ असतात', असं मला नंतर कळलं. ती नाक मुरडायची नाही. "अच्छा, तुमच्याजवळ अडुसष्ट वर्षं आहेत! माझ्याजवळ एक्केचाळीस," असं फ्रेंचमध्ये हसत म्हणायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. ह्यांना चूक झाल्याचं कळायचं आणि लागायचं मात्र नाही. हळूहळू हे खुलले. नातू फोनवर येत नाही, हेही तिला सांगून झालं. लहानपणी विहिरीत पडल्याची गोष्ट ह्यांनी त्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिला सांगितली. मला मराठीत कधी सांगितली नव्हती. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

मग घड्याळ किणकिणायचं आणि तिच्या मराठीचं श्राद्ध सुरू व्हायचं. विषय ह्यांनी निवडलेले : 'विरामचिन्हांचा इतिहास', 'अनुस्वार : काल आणि आज'. ती एक वाक्य बोलायची, हे त्यावर प्रवचन द्यायचे. तिच्या अर्ध्या तासातला बहुतेक वेळ ह्यांच्याच तोंडात. कागदावर चुका टिपून टिपून कागद लाल. ती बाई दर आठवड्याला थोडी जास्त गप्प होत गेली, आणि हे मला म्हणाले, "प्रगती आहे. आता चुका कमी होतात."

"बोलतच नाही ती, मग चुका कुठून होणार?" मी म्हटलं.

"'कुठून' नाही, 'कशा'," हे म्हणाले.

एकदा मात्र तिने विषय स्वतः आणला : सासूबाईंचा फोन. ह्यांनी सासूबाई व्हायचं, तिने सून. फोन म्हणून दोघांच्या कानाला माझे आमटी वाढायचे दोन डाव. मी गॅस बारीक केला आणि कान टवकारले.

"हॅलो आई, तुम्ही कसा आहे?"

"कशा आहात," सासूबाई गरजल्या.

"कशा आहात. मी आज भाजी केला..."

"केली. भाजी केली."

"केली. आणि तुमच्या मुलगा खूप..."

"तुमचा! मुलगा पुल्लिंगी आहे, तुमचा!"

ती थांबली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आई, मी नंतर बोलते," आणि डाव टेबलावर उपडा ठेवला.

"अहो, पण फोन आत्ता तर सुरू झाला!" हे म्हणाले. डाव अजून कानालाच.

तिने ह्यांच्याकडे बघितलं. "तुमचा नातू पण असंच ठेवला फोन?"

त्या वाक्यात चूक होती. ह्यांचं तोंड उघडलं. तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग मिटलं. ह्यांनी कानाचा डाव काढून तिच्या डावाशेजारी उपडा ठेवला. मला वाईट वाटलं. आपल्या माणसाची फजिती झाली की आधी गंमत वाटते, मग ती आपलीच फजिती वाटते.

पुढचे काही आठवडे तिचा अर्धा तास सुरू झाला की हे तोंडात लवंग धरून बसायचे. जीभ वळवळली की लवंग चावायची. तोंड पोळायचं, पण ती बाई बोलू लागली. सासूबाई, त्यांचं औषध, नवऱ्याचा आळस, सगळं. शेवटी हे फक्त तीन चुका सांगायचे. बाकीच्या गिळताना ह्यांच्या घशाची हालचाल मला स्वयंपाकघरातून दिसायची.

मग एका रविवारी लेकीने नातवाला लाडीगोडी लावून पडद्यासमोर आणलं. तो वर बघेना. पुटपुटला, "माझी दात पडली."

ह्यांनी लवंग चावली. "अरे वा! दात पडला? कुठला पडला, दाखव." आणि मग धीर करून फ्रेंचमध्ये स्वतःच्या पडलेल्या दाताबद्दल काहीतरी सांगू लागले.

पोराने झटकन मान वर केली. फ्रेंचमध्ये दात स्त्रीलिंगी असतो म्हणे, आणि ह्यांनी तो पुल्लिंगी केला होता. त्याने आजोबांना अडवलं. दुरुस्त केलं. पुढच्या शब्दाला पुन्हा अडवलं. उच्चारावरून झापलं, तोच शब्द परत परत म्हणायला लावला, कपाळावर हात मारून घेतला. हुबेहूब आजोबा. आणि पोर जागचं हललं नाही. लेक जेवायला हाक मारत होती, तर त्याने तिलाच गप्प केलं.

फोन ठेवल्यावर हे घामाघूम झाले होते. "किती तोडतो गं तो मधेमधे," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू कसं सोसलंस?" मी ह्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

पुढच्या बैठकीला पुढचा विषय ठरवायची वेळ आली. आयुष्यात ज्यांनी एक वेलांटी सुटू दिली नाही, ते आमचे हे फ्रेंचबाईसमोर कोरा कागद सरकवून अदबीने म्हणाले, "उन्हाळ्यात नातू महिनाभर राहणार आहे. मला फ्रेंचमधल्या चुका शिकवा. भरपूर. अशा, की त्याच्या लगेच लक्षात येतील."