अंदाज बेळगावचा, पाणी भुदरगडचं

लतिकाबाई निपाणीत जन्मल्या आणि निपाणीतच वाढल्या. वडील हरिभाऊ तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. घरात मराठी, बाजारात दोन्ही, सरकारी कागदावर कानडी. बी.एस्सी. बेळगावला झाली. मग नोकरी लागली ती वेदगंगेकाठच्या तळवाडीच्या सरकारी मराठी शाळेत. रोज स्कूटरवरून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. लग्न झालं, मुलगी ओवी झाली, तरी यात काही बदललं नाही.

गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. गावासाठी त्या ‘बाई’च आहेत.

बाईंना एक सवय आहे. जून लागला की चहा उकळेपर्यंत त्या मोबाईलवर हवामान खात्याचे दोन अंदाज बघतात. एक बेंगळुरूच्या केंद्राचा, त्यात बेळगाव जिल्हा असतो. दुसरा मुंबईच्या केंद्राचा, त्यात कोल्हापूरचा घाटभाग असतो. नवरा हसायचा. म्हणायचा, “आपण राहतो कर्नाटकात. तुला महाराष्ट्राच्या पावसाची एवढी काळजी का?”

मागच्या एका महापुरात शाळेच्या वर्गांत माणसं राहिली होती. त्यांना सतरंज्या वाटताना जो तो बाईंना एकच वाक्य ऐकवत होता, “बाई, हितं पाऊसच नव्हता की हो.” ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

जुलैतला एक गुरुवार. सकाळी ऊन पडलं होतं. बरेच दिवस पडलं नव्हतं, त्यामुळे गाव खुशीत होतं. दोऱ्यांवर गोधड्या वाळत होत्या. बाईंनी स्कूटर लावली तेव्हा शाळेच्या फाटकाशी मारुतीराव उभे होते. शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष, सातवीतल्या ऋतिकाचे आजोबा. नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या सखल रानात, त्यांचा ऊस. मळीतच गोठा, गोठ्यात चार म्हशी. पावसाळ्यात चोरांची भीती, म्हणून रात्री त्यांचा मुलगा महादेव गोठ्यातच झोपायचा.

“आलासा? ऊन आणलंसा जणू,” मारुतीराव म्हणाले.

“आप्पा, महादेवभाऊ कुठं हाईत?”

“मळीत. नदीवरची पाण्याची मोटार काढायची म्हणत हुता. म्हटलं, उद्या काढ. आज कशाला चिखलात हात घालतोस? फक्त यलो अलर्ट हाय.” त्यांनी खिशातला मोबाईल थोपटला. “बघतोय न्हवं आमीबी.”

सकाळी बाईंचा चहा उतू गेला होता, कारण त्यांची नजर पडद्यावरून हटली नव्हती. बेळगाव पिवळं होतं. कोल्हापूरचा घाट लाल होता.

घंटा झाली. कर्नाटकाचं नाडगीत झालं, प्रतिज्ञा झाली. त्या आठवड्यात वरून आदेश होता, परिपाठाला आपत्तीवर भाषण घ्यायचं. मुख्याध्यापक आशुतोष सर बेळगावचे. मवाळ स्वभावाचे, वेळेचे पक्के. त्यांनी बाईंना खूण केली, पाच मिनिटं.

बाईंनी भाषण तयार करून आणलं होतं. त्या बोलू लागल्या. “मुलांनो, ओडिशात १९९९ साली मोठं चक्रीवादळ आलं. हजारो माणसं गेली. पुढे २०१३ साली पुन्हा तसंच मोठं वादळ आलं. या वेळी ते कुठं आणि कधी धडकणार, याचा अंदाज आधीच नेमका आला होता. लाखो लोकांना किनाऱ्यावरून हलवलं. घरं पडली, झाडं पडली, पण माणसं फार थोडी गेली.”

मुलं उभी होती. ओडिशा लांब होतं. तेजस्वी पुढच्या मुलीच्या वेणीची रिबीन सोडत होती. मागे पायरीवर बसून मारुतीराव तंबाखू मळत होते. मुलं बघतायत हे दिसताच त्यांनी ती पुन्हा डबीत ठेवली.

बाईंनी कागद मिटला.

“आज आपल्याकडं कुठला रंग आहे?”

“यलो!” सगळे ओरडले.

“कुणाचा यलो?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग साईराज म्हणाला, “बेळगाव जिल्ह्याचा, बाई.”

“बरोबर. आता सांगा, आपली नदी कुठून येते?”

“भुदरगडातनं,” ऋतिका म्हणाली. “पाटगावच्या धरणातनं.”

“ते बेळगाव जिल्ह्यात आहे?”

“न्हाय, बाई. कोल्हापूर.”

“मग आपल्या अंगावर पडणारा पाऊस बेळगावच्या अंदाजात दिसेल. नदीत येणारं पाणी कुठल्या अंदाजात दिसेल?”

ऋतिकानं मागे वळून आजोबांकडे पाहिलं.

“कोल्हापूरचा घाट आज लाल आहे,” बाई म्हणाल्या. “कालपासून तिथं धो धो पडतोय. अंदाज खोटा नाही. बेळगावचाही खरा आहे, बघा, ऊन पडलंय. आपण चुकीच्या ठिकाणचा बघतोय.”

पायरीवरून आवाज आला. “बाई, एक इचारू का?”

आशुतोष सरांनी घड्याळ पाहिलं. मग हात खाली सोडला.

“गेल्या साली तुमीच सांगितलंसा, पाणी येणार,” मारुतीराव म्हणाले. “म्हसरं माळाला नेऊन बांधली. पावसात भिजली, दूध आटलं. पाणी आलं का? नदीकाठच्या म्हसोबाच्या पायाला सुदिक लागलं न्हाय. गावानं मला काय काय म्हटलं! आमच्या गल्लीतला मष्णू अजून इचारतोय, अध्यक्ष, म्हसरांची सहल कधी काढतायसा?”

मुलं हसली. सरही ओठ दाबून हसले.

बाईंचे कान तापले. त्यांनी मान हलवली. “व्हय आप्पा. गेल्या वर्षी आलं नाही. पाऊस मात्र पडला होता. तेव्हा धरणात जागा होती. पडलं ते पाणी धरणानं पोटात घेतलं. मी फक्त पावसाचा अंदाज बघितला, धरण किती भरलंय ते बघितलं नाही. या वेळी धरण भरलंय. सांडव्यावरून पाणी वाहतंय. आता जे पडेल ते नदीतच येणार.”

“म्हंजे येणार. नक्की?”

‘नक्की’ म्हणणं सोपं होतं. तसं म्हटलं तर आप्पा उठले असते. पण पाणी आलं नसतं तर पुन्हा कधीच उठले नसते. त्यांच्या पाठोपाठ गावही उठलं नसतं.

“नक्की म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “येण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच खरं आहे. अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. ढग अलीकडं पलीकडं सरकतात. नाही आलं तर उद्या मला हसा. मष्णूमामांनाही बोलवा. पण आलं तर रात्री येईल. तेव्हा इथं आभाळात चांदण्या असतील.”

“किती येईल?”

“नदीच्या वरच्या अंगाला, मुरगूडकडं सकाळपासून पाणी चढतंय. कोल्हापूरच्या पाटबंधारे खात्याचा आकडा आलाय.” बाईंनी मोबाईल काढून आकडा वाचला. फूट, इंच, इशारा पातळी. मुलांना त्यातलं काही कळलं नाही. खरं सांगायचं तर बाईंनाही कळत नव्हतं, त्या आकड्याला तळवाडीत कुठल्या दगडापर्यंत पाणी लागतं ते.

मारुतीरावांना कळलं. ते उठून उभे राहिले.

“परत वाचा.”

बाईंनी परत वाचला.

“तिकडं एवढं झालं की दुसऱ्या दिशी हितं म्हसोबाचा कट्टा बुडतोय,” ते हळूच म्हणाले. बाईंपेक्षा स्वतःलाच सांगत होते. “कट्टा बुडायच्या आदी वगळ भरती. नदीचं पाणी वगळीतनं उलटं मागं शिरतंय. गोठ्याच्या पाठीमागनं. वाटच जाती. म्होरं नदी, मागं वगळ.”

वगळ म्हणजे मळी आणि गावाच्या मधली ओघळ. सगळ्या मुलांना ती माहीत होती. उन्हाळ्यात त्यात ती लपाछपी खेळायची.

“आजा,” ऋतिका म्हणाली, “काका तितंच झोपत्यात.”

मारुतीराव फाटकाकडे निघाले. कुणाचा निरोप घेतला नाही. त्यांनी आणलेलं समितीच्या बैठकीचं पत्रक पायरीवर तसंच राहिलं. आशुतोष सरांनी ते उचललं आणि म्हणाले, “लतिकाबाई, पाच मिनिटं म्हटलं होतं मी.” मग पत्रकाची घडी घालत म्हणाले, “पंचायतीच्या स्पीकरवरून हेच सांगाल का? आत्ता सांगितलंत तसंच. नक्की नाही, हेसुद्धा सांगा.”

बाईंनी सांगितलं. धरण भरलंय, घाटात लाल आहे, येण्याची शक्यता जास्त आहे, नक्की नाही. मळीतल्या माणसांनी आणि जनावरांनी दिवसाउजेडी वर यावं. मोटार राहिली तर राहू द्या, अंधारात तिच्यासाठी पाण्यात उतरू नका. ग्रामपंचायतीच्या कारकुनानं तेच कानडीतून सांगितलं.

दुपारी बाई वर्ग घेत होत्या. खिडकीतून रस्ता दिसत होता. आधी मारुतीरावांच्या म्हशी आल्या, चिखलानं पोटापर्यंत माखलेल्या. मागे महादेव, खांद्यावर मोटार, तोंड वाकडं. रस्त्याकडच्या कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, “निघाली का रं सहल?” महादेव म्हणाला, “यायचं तर ये की. तिकीट न्हाय.” त्याच्यामागून आणखी दोन घरांची जनावरं आली. सगळ्यांची नाही आली. गोठ्यांत झोपणारी माणसं मात्र सगळी आली. संध्याकाळी ऊन होतं, आभाळ निळं होतं. बाई निपाणीला परतल्या आणि नीट जेवल्या नाहीत.

रात्री तळवाडीत थेंबही पडला नाही.

सकाळी शाळांना सुटी जाहीर झाली. तरी बाई स्कूटर काढून गेल्या. गावाच्या अलीकडच्या चढावर माणसं उभी होती. समोर मळी नव्हती. तांबूस पाणी होतं, आवाज न करता सरकणारं. उसाचे शेंडे दिसत होते. गोठ्याचा पत्रा दिसत होता, भिंती नव्हत्या. म्हसोबाचा कट्टा कुठं असावा, त्याचा अंदाजच करावा लागत होता. दोन रेडकं वाहून गेली होती. माणूस एकही गेला नव्हता.

महादेव एकटाच कडेला बसून पत्र्याकडे पाहत होता. त्याची खाट त्या पत्र्याखाली होती. बाई जवळ गेल्या तरी त्यानं मान वळवली नाही.

“वगळ किती वाजता भरली कुणालाच म्हाईत न्हाय, बाई,” तो म्हणाला. “आवाजच झाला न्हाय.”

बाई त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

मारुतीराव आले. डोळे तांबारलेले होते. रात्रभर ते चढावरच बसून होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि बाईंच्या हातात दिला.

“ह्यात कोल्हापूरचा कसा बघायचा, दावा,” ते म्हणाले. “आनी तो मुरगूडचा आकडा रोज मला पाठवा. कुठल्या आकड्याला हितं काय बुडतंय, ते मी तुमास्नी सांगतो. पोरास्नी शिकवा.”

बाईंनी मोबाईल घेतला. पडद्यावर बेळगाव अजून पिवळंच होतं.