पंधरा मार्चचं काम एकतीसला

कौतिक मिस्त्रीला मी नऊ वर्षं ओळखत होतो, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर त्याला किती भाऊ होते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. एरंडोलला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप माझ्या घराला लागून होतं आणि तो कधीमधी पत्र लिहून घ्यायला यायचा, एवढीच ओळख. मी पाटबंधारे खात्यात टंकलेखक होतो. निवृत्त झाल्यावर मुलाने घरी एक संगणक आणि प्रिंटर आणून दिला, त्यावर मी शेजाऱ्यांचे अर्ज करून देतो. त्यापलीकडे मी काही लिहीत नाही. हेही जमेल की नाही, सांगता येत नाही.

कौतिक पन्नाशीचा, ठेंगणा, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी शर्टाला बारीक भोकं पडलेली. आधी तो गेट, जिने, गोठ्यांची छपरं करायचा, मोठं काम दुसऱ्यांच्या हाताखाली. यावलकडच्या एका गावातलं केळीचं पॅक हाऊस हे त्याचं स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम. पॅक हाऊस म्हणजे मोठी शेड. बागेतून घड आणायचे, टाकीत धुवायचे, फण्या वेगळ्या करून खोक्यांत भरायच्या आणि कंटेनर बाहेर देशी रवाना करायचा. चाळीस शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली होती आणि तिच्या अध्यक्ष होत्या बेबाबाई. कौतिकने शेड पंधरा मार्चला देण्याचं कबूल केलं होतं. त्या भरवशावर बेबाबाईंनी अठरा मार्चचा पहिला कंटेनर ठरवला होता.

अठरा फेब्रुवारीला दुपारी तो माझ्याकडे आला आणि उभाच राहिला. मग म्हणाला, शेड पंधराला होत नाही, पत्र लिहायचं आहे.

झालं होतं असं. त्याच्याकडे छताचे पत्रे चढवणारी टोळी सातपुड्यातली होती, शिरपूरच्या वरच्या पाड्यांची. टोळीचा म्होरक्या बादल पावरा. त्या सकाळी बादलने विचारलं की ढोलाचं चामडं ताणायला जळगावला कुणाकडे द्यावं. तेवढ्यावर कौतिकच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. होळी तेरा मार्चला होती. होळीच्या आधीचा आठवडा पहाडात भोंगऱ्याचे बाजार भरतात. पावरा जमातीचा माणूस त्या वेळी मुंबईत असो की सुरतेत, घरी जातोच. सहा मार्चला टोळी जाणार, रंगपंचमी करून वीसला परतणार.

मला नवल वाटलं ते याचं की कौतिकला हे कालपरवा कळलेलं नव्हतं. वीस वर्षं तो याच माणसांबरोबर काम करत होता. दर वर्षी तो होळीचे पंधरा दिवस सोडूनच तारीख द्यायचा. मग या वेळी कसं विसरला? मी तसं विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं.

डिसेंबरात बेबाबाईंचा पुतण्या योगराज लॅपटॉप घेऊन बसला होता. तो इंजिनियर. पाया इतके दिवस, खांब इतके दिवस, छताच्या कैच्या, पत्रे, टाकी, असे रंगीत पट्टे तो आखत गेला आणि प्रत्येक पट्ट्याला कौतिक मान हलवत गेला. मार्चच्या पट्ट्याशी आल्यावर होळीचं त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं आणि पुढे कामाच्या गडबडीत खरंच विसरला.

"लाज वाटनी, नाना," तो म्हणाला. "एवढा मोठा तक्ता, त्यात मी भोंगऱ्या कोठे सांगू?"

मी पत्राला बसलो. चौतीस वर्षांची सवय, बोटं आपोआप चालली. विषय, मुदतवाढ मिळणेबाबत. अपरिहार्य कारणास्तव काम विहित मुदतीत पूर्ण होऊ शकत नाही, तरी दिलगिरी व्यक्त करण्यात येते की, वगैरे. वाचून दाखवलं. मग त्याने विचारलं की अपरिहार्य म्हणजे काय. मी म्हणालो, जे टाळता येत नाही ते. तो म्हणाला, पण हे तर टाळता आलं असतं.

मी त्याला दोन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे थांब. आमच्या खात्यात मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात येत असे. आजच सांगितलंस तर महिनाभर शिव्या खाशील, मार्चमध्ये सांगितलंस तर आठवडाभर. दुसरी, धुळ्याहून दुसरी टोळी आण. टोळी बदलायची नाही म्हणाला. पंधरा दिवसांनी परत आलेल्या बादलला कोणत्या तोंडाने घरी पाठवू, आणि धुळ्याच्या टोळ्यांतही पत्र्यावर चढणारी माणसं पहाडातलीच असतात. पहिल्या गोष्टीवर मात्र तो थोडा चिडला. केळीचा घड तारीख पाहून थांबत नाही, म्हणाला. बाईला आज कळलं तर तिच्या हाती काहीतरी आहे. दहा मार्चला कळलं तर फक्त माझ्या नावाने बोंब मारणं आहे.

मग नव्या तारखेचं. मी सहज "मार्चअखेर" लिहिलं. त्याने खोडायला लावलं. उठून वर्कशॉपमध्ये गेला, बादलला घेऊन आला. बादल दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. कौतिकने त्याला विचारलं की वीसला नक्की का, किती जण, आल्या दिवशी कामावर चढणार का दुसऱ्या दिवशी. बादल म्हणाला, एकवीसला चढू, पण दोघं कमी असतील, त्यांची लग्नं ठरायची आहेत. कौतिकने बोटांवर मोजलं, पन्हाळी आणि मागची बाजू मिळून दहा दिवस, एक दिवस वरचा. एकतीस मार्च. एवढी चौकशी करून लिहिलेली तारीख मी नोकरीत कधी टंकली नव्हती.

माफी मी पहिल्या ओळीत घातली होती. तीही त्याने खाली नेली. "आधी तारीख सांगा. तिना जीव तारीखमा शे. माफी मंग आयकी."

शेवटी पत्र झालं ते एवढंच:

"आपल्या पॅक हाऊसचं काम १५ मार्चला देण्याचं मी कबूल केलं होतं. ते ३१ मार्चला पूर्ण होईल. पत्रे चढवणारी माणसं भोंगऱ्या व होळीसाठी ६ मार्चला गावी जातात आणि २० मार्चला परततात. हे मला माहीत असून तारीख देताना मी धरलं नाही. चूक माझी आहे. धुण्याची टाकी आणि पूर्वेकडचे तीन गाळे ५ मार्चपर्यंत वापरण्याजोगे करून देतो. आपल्या कंटेनरची अडचण होते, त्याबद्दल मी माफी मागतो."

पत्र पोस्टाने किंवा मोबाइलवर पाठवायचं तर तेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला गाडीत घातलं. लिहिणारा बरोबर असावा म्हणाला. मला वाटतं त्याला भीती वाटत होती. वाटेत कुठे थांबला नाही. जळगावला पेट्रोल भरलं तेवढंच.

बेबाबाई साठीच्या, नऊवारीवर मोठा रुमाल टाकलेल्या, शेडच्या पायाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. योगराज शेजारी होता. कौतिकने पत्र हातात दिलं नाही, उभ्याने वाचून दाखवलं. "चूक माझी आहे" या वाक्याला त्याचा आवाज खाली गेला.

योगराज आधी बोलला. हे कारण फाईलला चालणार नाही, म्हणाला. अनुदानाची फाईल आहे, तिथे होळी कशी लिहायची? पत्र्याचा पुरवठा उशिरा झाला असं लिहा. कौतिक म्हणाला की पत्रा तर महिनाभर माझ्या वर्कशॉपात पडला आहे, येणाराजाणारा बघतो. योगराज म्हणाला, मग अशा माणसाला पुढचं कोल्ड रूमचं काम द्यायचं कसं? हे त्याने कौतिककडे न बघता म्हटलं. कौतिकने कागदाची घडी घातली, परत उघडली.

बेबाबाई मात्र भलत्याच विचारात होत्या. त्यांनी विचारलं, सहा ते वीस म्हणालास ना? मग पुतण्याकडे वळल्या.

"काय रे योगराज, अठरा तारखेले माह्या बागेतले घड कोन कापनार होतं? तुहा लॅपटॉप?"

योगराजला कळेना. मलाही कळायला क्षणभर लागला. केळीची कापणी करणारी, घड खांद्यावर वाहून आणणारी टोळीही पहाडातलीच. चाळीस शेतकरी, एक इंजिनियर, आणि कंटेनर ठरवताना होळी एकाच्याही लक्षात आली नव्हती. शेड पंधराला उभी राहिली असती तरी अठराला घड कापायला माणूस नव्हता.

"मले होळी सांगाले एरंडोलहून आला," त्या कौतिकला म्हणाल्या. "आन् आमी हितं पहाडाच्या पायाशी बसून विसरलो." त्या हसल्या, पण थोडंच. मग लगेच हिशेबाला लागल्या. ज्या बागांतले घड आधी भरतील त्या जागेवरच व्यापाऱ्याला द्यायच्या, मागून भरणाऱ्या बागांचा कंटेनर दोन एप्रिलला करायचा. महिना हातात आहे म्हणून हे जमतं, असं त्या स्वतःशीच दोनदा म्हणाल्या. पत्र मागून घेतलं आणि योगराजला दिलं. फाईलला हेच लाव, तिथल्या साहेबाला होळी माहीत नसेल तर बोलाव इकडे.

कौतिकला त्यांनी माफ केलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. निघताना त्यांनी एवढंच बजावलं की एकतीस म्हणजे एकतीस. चहा दिला.

पाच मार्चला टाकी आणि तीन गाळे झाले. वीसला बादल आला, ढोल बरोबर घेऊनच. एकतीसला दुपारी चारच्या सुमाराला शेवटची पन्हाळ बसली आणि दोन एप्रिलला कंटेनर भरून गेला. कोल्ड रूमचं काम मात्र योगराजने धुळ्याच्या पार्टीला दिलं. मी कौतिकला विचारलं, पत्र्याचं कारण लिहिलं असतं तर ते काम मिळालं असतं का? तो म्हणाला, मिळालंही असतं. मग म्हणाला की योगराज पोरगा हुशार आहे, फक्त त्याच्या तक्त्यात माणसं नसतात. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला असता.

त्यानंतर दोनतीन वेळा तो आला असेल. प्रत्येक वेळी काम तेच असायचं, कुणालातरी उशीर कळवायचा. कुणाच्या जिन्याला चार दिवस, कुणाच्या गोठ्याला आठ. दर वेळी आधी स्वतः चौकशी करून आलेला असायचा, आणि मी दर वेळी "अपरिहार्य" लिहायचं टाळायचो. माणसाला असं वागायला कुणी शिकवलं, हे विचारायचं राहून गेलं. त्याची मुलगी ज्योत्स्ना चाळीसगावला असते, तिला विचारलं. तिलाही ठाऊक नाही.

गेल्या कार्तिकात एका बुधवारी पहाटे तो झोपेतच गेला. सोमवारी माझ्याकडे येऊन गेला होता. एका शाळेच्या सायकल स्टँडला सहा दिवस उशीर होता, हेडमास्तरांना कळवायचं होतं. माझ्या प्रिंटरची शाई संपली होती. गुरुवारपर्यंत आणून ठेवतो, म्हणालो.

"गुरुवारे कितीले येऊ?" त्याने विचारलं.

"चारनंतर ये. त्याआधी मी झोपलेला असतो."

"बरं. साडेचारले येस."