दुपारी बाराला झोपलेलं घर

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करतो. दुकानदाराने सुटे पैसे दिले की मी ते दोनदा मोजतो, आणि कोणी फार गोड बोललं की हे गोड कशासाठी, हा विचार आधी येतो. घरचे म्हणतात, संशयाला औषध नाही. चंद्रपूरहून अहेरीला मास्तरकीला आलो तेव्हा हा स्वभाव मी सामानाबरोबर आणला, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला तो उपयोगाचाच वाटला. चुका शोधण्याचंच तर काम.

बारावीनंतरच्या मुलामुलींसाठी आमच्याकडे इंग्रजीचा एक वर्ग चालतो. त्यातल्या पहिल्या दोघांना नागपूरच्या एका वर्षाच्या शिक्षण-अभ्यासक्रमाला पाठवायचं होतं. राहणं-जेवणं फुकट, आणि पुढे नोकरीची बरी आशा. निवड शेवटच्या चाचणीवर. पेपर आणि गुण शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचे होते. वर्गात सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्या आठवड्यात कोणी हसतसुद्धा नव्हतं.

चाचणीचा विषय मी ठरवला, भूतकाळाबद्दलचा तर्क. समोर खूण दिसते, त्यावरून आधी काय चालू असावं हे सांगायचं. तिचे डोळे लाल आहेत, म्हणजे ती रडत असली पाहिजे: मस्ट हॅव बीन क्रायिंग. खात्री नसेल तर माइट. तसं होणं शक्यच नाही असं वाटलं तर कान्ट. मुलं तिथे हटकून मस्ट नॉट लिहितात, मी त्यावर लाल शाई ओततो. वाक्यात गाळलेली जागा आणि कंसात क्रियापद, बस. बारा वाक्यं मी एका जुन्या सराव-पुस्तकातून घेतली. उत्तरं मागच्या पानावर छापलेली होती, ते पान मी फाडून खिशात ठेवलं.

सातवं वाक्य असं होतं: आम्ही दुपारी बाराला त्यांच्या घरी पोचलो, तेव्हा सगळे गाढ झोपले होते. सकाळी ते शेतात काम... आणि पुढे गाळलेली जागा. पुस्तकाचं उत्तर: कान्ट हॅव बीन वर्किंग. काम करून आलेला माणूस बाराला कशाला झोपेल? दहावं वाक्य: त्याच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. पुस्तकाचं उत्तर: मस्ट हॅव बीन स्मोकिंग, म्हणजे तो सिगारेट ओढत असणार. मला दोन्हींत काही खोट दिसली नाही.

पेपर तपासताना मी एक युक्ती वापरतो आणि तिचा मला अभिमान होता. बरोबर उत्तरं सारखी आली तर काही सिद्ध होत नाही, पण चुका सारख्या आल्या की पाणी कुठेतरी मुरतंय. दोन मुलींचे पेपर शेजारी ठेवले आणि माझा हात थांबला. दहा उत्तरं बरोबर. सातव्यात दोघींनीही मस्ट हॅव बीन वर्किंग. दहाव्यात दोघींनीही माइट. बाकी वर्ग बहुतेक बाजारपेठेतल्या घरांचा, त्यात या दोन चुका कोणाच्याच नव्हत्या. आणि दोघी एकीमागे एक बसल्या होत्या.

पुढे बसणारी गोंडपिपरीकडची. मागची भामरागडच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावची, तिच्या घरात गोंडी बोलतात. मागची अबोल आणि हुशार, वर्गात सगळ्यांत पुढे तीच. माझ्या संशयाने तिथेच तिला पकडलं. हुशार पोरगी एवढ्या सोप्या जागी चुकते कशी? एकीने लिहिलं, दुसरीने उतरवलं, असा मी निष्कर्ष काढला.

मी दोघींना बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला: कोणी कोणाचं पाहिलं? पुढची रडायला लागली, आणि मला वाटलं, अपराधी माणूस असाच रडतो. मागची रडली नाही, आणि मला वाटलं, निर्ढावलेली आहे. दोघींनीही स्वतःच लिहिल्याचं सांगितलं. त्या दिवशी मी वर्गाच्या फळ्यावर गुणांची यादी लावली आणि त्यांच्या नावांपुढे शून्य लिहून पुढे ‘कॉपी’ असा शेरा मारला. आता आठवलं की कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी मागची मुलगी वर्गात आली नाही. वसतिगृहात विचारलं तर पहाटेच्या गाडीने गावी गेली म्हणाले. पळाली, मी मनात म्हटलं, म्हणजे कबुलीच दिली. पण प्राचार्य सावध माणूस. लेखी जबाब असल्याशिवाय कॉपीचा शेरा पुढे जाऊ देणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि जबाब आणायला मलाच पिटाळलं. गुरुवारी सकाळी मी मोटारसायकल काढली, खिशात कोरा कागद ठेवला. वाटेत तिच्या तोंडून काय काय वदवून घ्यायचं याची उजळणी करत गेलो.

चैत्राचं ऊन होतं. गाव सापडायला वेळ लागला, कारण रस्त्यावर विचारायला माणूसच नव्हता. एका पोऱ्याने हात करून घर दाखवलं. अंगणात पाय ठेवला तेव्हा बारा वाजून गेले होते.

सगळं घर झोपलं होतं. ओसरीत बाप आडवा, त्याच्या पलीकडे दोन लहान भावंडं, आत आई. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने दाराच्या चौकटीशी पदर गुंडाळून उशी केली होती. आणि अंगणभर चटयांवर मोहाची फुलं वाळत घातलेली. पिवळट, रसाळ, गोड आंबूस वासाची. टोपल्या भिंतीला उपड्या. सगळ्यांच्या कपड्यांतून धुराचा वास येत होता.

मी तिथेच उभा राहिलो. सातवं आणि दहावं वाक्य समोर अंगणात मांडलेलं होतं.

चाहूल लागून आई उठली. तिने मला पाणी दिलं, गोंडीत काहीतरी विचारलं आणि लेकीला हलवलं. मुलगी डोळे चोळत उठली, मला पाहून ताठ बसली. मी जबाबाचा कागद खिशातून काढलाच नाही. विचारलं, पहाटे किती वाजता जाता?

“तीनले उठतो, सर. मोहा रातीच पडून राह्यते. नाई वेचला तर गुरं खातेत. दहापर्यंत वेचतो, मंग घरी येऊन झोपतो.”

धुराचंही तिने सांगितलं. झाडाखालचा पाचोळा आधी जाळतात, म्हणजे फूल स्वच्छ जागेवर पडतं आणि दिसतं. म्हणून या दिवसांत सगळ्या गावाच्याच कपड्यांना धुराचा वास. तो वास कशाचा, हे एका वासावरून छातीठोक कसं सांगायचं? मस्ट नाही, माइट.

मी हे नुसतं ऐकत नव्हतो, त्या अंगणात बसून पाहत होतो. बारा वाजता घर झोपलेलं आहे, म्हणजे सकाळी ते राबलेच असले पाहिजेत, असं इथलं पोरही सांगेल. गोंडपिपरीकडेही मोहाची झाडं आहेत, तिथेही पहाटेच जातात. दोघी सारखं चुकल्या नव्हत्याच. दोघींनी एकाच झाडाखाली वाढल्यासारखा एकच तर्क केला होता, आणि तो बरोबर होता. पुस्तक लिहिणाऱ्याने असं घर कधी पाहिलं नसावं. मी मात्र इथे सात वर्षं राहत होतो आणि मलाही दिसलं नव्हतं.

मी विचारलं, मग त्या दिवशी हे का नाही सांगितलंस?

“तुमी विचारलंच नाई. कोनाचं पाह्यलं, येवढंच विचारलं. काऊन लिहिलं, हे नाई विचारलं.”

हे ती रागाने बोलली नाही. तू पळून आलीस असं मी समजत होतो, हे मी सांगून टाकलं. ती म्हणाली, मोहा पंधरा-वीस दिवसच पडतो, तो कोणाच्या चाचणीसाठी थांबत नाही. आईला हात हवेच होते. आणि शून्य लागल्यावर वर्गात बसून काय करायचं होतं?

उठताना मी म्हटलं की दोघींचे गुण मी देतो, आणि प्राचार्यांना चूक माझी होती असं लिहून देतो. मला वाटलं, आता तिचा चेहरा मोकळा होईल. तो झाला नाही.

“शून्य फळ्यावर होतं, सर. मंग तिथीच लिहा. मी शनिवारी वाचाले येतो.”

शनिवारी सकाळी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की या दोघींनी कॉपी केली नव्हती, सातवं आणि दहावं उत्तर त्यांचं बरोबर आहे, चूक तपासणाऱ्याची आहे. खाली माझी सही केली. मुलं वाचत होती आणि मी खडूची भुकटी झटकत होतो. गोंडपिपरीची मुलगी पुन्हा रडली, या वेळी मी त्यावर काही निष्कर्ष काढला नाही. तिला तिचे बारा गुण मान्य होते.

दुसरी दहाच्या गाडीने आली, बोटं मोहाच्या रसाने काळपट झालेली. दारात उभी राहून तिने सगळं वाचलं, सहीपर्यंत. मग आत येऊन म्हणाली, मला नवी बारा वाक्यं द्या.

मी म्हटलं, गरज नाही, गुण तुझेच आहेत.

“तिथी नागपूरले कोनी म्हनल, सरनं दया केली. मले तसं नाई जाचं. माझ्यावाल्या मार्कानं जातो.”

मी नवी वाक्यं काढली, पुस्तक बंद करून, स्वतःच्या मनाने. वर्ग रिकामा केला आणि तिला पुढच्या बाकावर बसवलं. सगळ्या चाचण्यांना मी बाकांच्या मधून फिरत असतो, एकेकाच्या हाताकडे पाहत. त्या दिवशी खुर्ची उचलून व्हरांड्यात नेली आणि दाराकडे पाठ करून बसलो. आत पेनचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा येत होता. ती थांबली की माझी मान वळायला बघायची. तासभर मी ती धरून ठेवली.