आतोबांनी मागवलेली डायरी

नोकरी सोडू पाहणाऱ्या मास्तरांना पुन्हा वर्गात ढकलण्यात आमच्या आतोबांचा हात धरणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, इतवारा मोहल्ल्यातले निवृत्त हेडमास्तर. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी हजेरी घेतात. फोनवर सल्ला देत नाहीत. "फोनवर माणूस नुसतं रडतो, कागदावर विचार करतो," म्हणतात. मी एकदा बँक सोडण्याबद्दल त्यांना चार पानं लिहिली होती. "पुन्हा लिहा, मुद्दा सापडला नाही," एवढंच उत्तर आलं. मलाही सापडला नाही, म्हणून मी अजून बँकेतच आहे.

त्यांचीच विद्यार्थिनी, माझी भाची, दापोऱ्याच्या सरकारी शाळेत शिकवते. गेल्या वर्षी तिनं पत्र लिहिलं आणि पोस्टमन केलं मला. पत्रात सगळं होतं: शिकवण्यापेक्षा अ‍ॅपवर माहिती भरणंच जास्त, वर मतदारयादीचं काम, इंदूरच्या एका कंपनीत धडे लिहायची नोकरी मिळतेय, राजीनामा देऊ का? सोबत राजीनाम्याचा मसुदाही होता.

आतोबांनी दोन्ही वाचून घडी घातली. "तिला म्हणावं, शिकवण्याची डायरी घेऊन ये. पत्रात माणूस कारणं लिहितो, डायरीत दिवस लिहितो."

रविवारी ती डायरी घेऊन आली. आतोबा पान-पान वाचत होते आणि आत्याचा चहा गार होत होता. एका पानावर ते थांबले. तिथं पाठाच्या रकान्यात एवढंच होतं: 'सातवी. आज एका मुलीवर हात उचलला.'

"हे पत्रात नव्हतं, बेटा."

"लाज वाटली, सर. माहिती अपलोड होत नव्हती, ऊपर से फोनवर फोन. तिनं फक्त पाणी प्यायला जाऊ का विचारलं होतं." ती रडायला लागली. "मला माझीच भीती वाटते आता."

मला वाटलं, आता व्याख्यान होणार. आतोबांनी पेन काढलं.

"उद्या आधी त्या मुलीची माफी माग, सगळ्या वर्गासमोर. मग हा अर्ज दे, पण असा नाही. तुमच्या शाळासंकुलाच्या प्राचार्यांमार्फत जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांना, एक महिन्याची नोटीस लिहून. मंजुरीचा आदेश येईपर्यंत रोज सही करायची, रोज शिकवायचं. मन बदललं, तर मंजुरीआधी मागे घेण्याचा अर्ज करता येतो. आणि परिवीक्षेतली, अजून कायम न झालेली ही नोकरी परत चालून येणार नाही, हे समजून दे."

"म्हणजे... जाऊ?"

"जा."

आत्या दारातच थबकली. मसुदा आतोबांनी स्वतःच्या अक्षरात नव्यानं लिहून दिला.

भाचीनं माफी मागितली, महिनाभर शिकवलं, अर्ज मागे घेतला नाही. आता इंदूरला आहे, बरी झोपते म्हणते. परवा मी आतोबांना तिची खुशाली सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि हळूच म्हणाले, "चांगली मास्तरीण होती हो."